पार्किंगमधला चार्जिंग पॉइंट आणि दोन लाख चार हजारांचा हिशोब

2024 च्या दिवाळीनंतरच्या आठवड्यात वॉचमनच्या केबिनमधून जळका वास यायला लागला. आत जाऊन पाहिलं तर भिंतीवरच्या साध्या 6 अँपिअरच्या सॉकेटमध्ये एक्स्टेन्शन बोर्ड, त्यात बी विंगमधल्या एका मुलाच्या स्कूटरचा चार्जर, आणि पिनेभोवतीचं प्लास्टिक चहाच्या रंगाचं होऊन वितळायला लागलेलं. आग लागली नव्हती. वॉचमनकाकांनी प्लग ओढून काढला तेव्हा पिनेबरोबर सॉकेटचा अर्धा तुकडाही बाहेर आला. तो तुकडा मी कागदात गुंडाळून ठेवला आणि पुढे तीन मीटिंगांमध्ये टेबलावर मांडला. माझ्या कुठल्याही एक्सेल शीटपेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला.

आमची सोसायटी पुण्यात सिंहगड रोडवर आहे. 48 फ्लॅट, खाली स्टिल्ट पार्किंग, बेसमेंट नाही. मी खजिनदार आहे, म्हणजे दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून झाले. दसऱ्याला आमच्याकडेही इलेक्ट्रिक गाडी आली होती, त्यामुळे या सगळ्यात माझा स्वार्थ होता आणि तो मी पहिल्या मीटिंगला सांगून टाकला. तेव्हा सोसायटीत तीन इलेक्ट्रिक कार होत्या, चौथी बुक झालेली होती, आणि पाच स्कूटर होत्या. चार्जिंगची सोय म्हणाल तर ज्याची त्याची. कुणी खिडकीतून वायर सोडायचं, कुणी पंपाच्या खोलीतून ओढायचं.

8 डिसेंबरला कमिटीसमोर प्रस्ताव ठेवला. सेक्रेटरीकाकांचा पहिला प्रश्न सरळ होता, "लिफ्ट-पंपाच्या कॉमन मीटरवरून एक वायर काढली की झालं ना?" मलाही तसंच वाटत होतं. ए विंगमधले एक काका वीज खात्यातून इंजिनीअर म्हणून निवृत्त झालेत. त्यांनी कॉमन मीटरचं बिल मागवलं आणि पेन घेऊन बसले. मंजूर भार 20 किलोवॅट. दोन लिफ्टच्या मोटारी साडेपाच-साडेपाचच्या, पंप 3.7 चा, दिवे वगैरे मिळून साधारण दोन. बेरीज 16.7. म्हणजे उरले तीन-साडेतीन. एका साध्या होम चार्जरला 3.3 किलोवॅट लागतात. "एक गाडी चार्जिंगला लावा," काका म्हणाले, "दुसरी लावली आणि त्याच वेळी दोन्ही लिफ्ट आणि पंप चालू झाले, की अंधार."

दुसरा पर्याय ज्याच्या त्याच्या फ्लॅटच्या मीटरवरून केबल आणण्याचा. हा सर्वांत सोपा आहे आणि लहान सोसायट्यांनी खुशाल करावा. आमची मीटर रूम खालीच आहे, त्यामुळे जमलंही असतं. अडचणी दोन. बऱ्याच जणांचा मंजूर भार तीन-चार किलोवॅटच आहे, म्हणजे आधी तो वाढवून घ्या. शिवाय घरगुती बिलाला स्लॅब असतात. महिन्याला साधारण हजार किलोमीटर चालणारी गाडी 150 युनिट खाते. माझं घरचं बिल 220 युनिटचं. दोन्ही मिळून 370, म्हणजे 300 च्या वरचे 70 युनिट पुढच्या महागड्या स्लॅबने. आणि वीस जणांनी वीस केबली ओढल्या तर छताला लोंबणाऱ्या त्या जाळ्याची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न राहतोच.

तिसरा पर्याय सोसायटीच्या नावावर खास ईव्ही चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन घेण्याचा. महावितरणकडे त्यासाठी वेगळा दरवर्ग आहे. त्यात स्लॅब नाहीत, पण मागितलेल्या भाराशी जोडलेला मागणी आकार दर महिन्याला भरावाच लागतो, गाड्या चार्ज होवोत न होवोत. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली. तिच्यामुळे ईव्हीसाठी असं वेगळं कनेक्शन मागता येतं, हे लेखी आहे. "सोसायटी वीज विकू शकते का?" ही शंकाही कुणीतरी काढलीच. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने 2018 मध्येच स्पष्ट केलंय की गाडी चार्ज करून देणं ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे, त्यामुळे लायसन्स लागत नाही. त्या पत्राची प्रिंट फाइलला लावून ठेवा. प्रत्येक मीटिंगला कुणी ना कुणी नव्याने विचारतं.

आता भार किती मागायचा? सर्व्हेचा गूगल फॉर्म फिरवला तर दोन वर्षांत आणखी सात-आठ जण येतील असं दिसलं. म्हणजे बारा पॉइंट. बारा गुणिले 3.3, जवळजवळ 40 किलोवॅट. कंत्राटदाराने तेवढंच कोटेशन दिलं. काकांनी ते बाजूला सारलं आणि मला विचारलं, "तुझी गाडी रोज किती युनिट घेते?" महिन्याला 150, म्हणजे रोज पाच. "मग रात्री दीड तास चार्ज होते. उरलेली रात्र नुसती वायर लटकत असते." बाराही गाड्यांना मिळून रात्री 60 युनिट लागतात. 20 किलोवॅटचं कनेक्शन दहा ते सहा या आठ तासांत 160 युनिट देऊ शकतं. अडचण फक्त सगळ्यांनी एकदमच सुरू करण्याची. 20 किलोवॅटवर एका वेळी सहा गाड्या, तीन फेजपैकी प्रत्येकावर दोन. म्हणून ठरवलं की पहिले सहा पॉइंट रात्री दहाला सुरू होतील आणि पुढचे सहा दोन वाजता. जवळजवळ सगळ्या गाड्यांमध्ये टायमर असतो, त्यामुळे कुणाला उठायची गरज नाही. या एका गणितामुळे आमचा मंजूर भार निम्मा राहिला, आणि दर महिन्याचा मागणी आकारही.

विशेष सर्वसाधारण सभेला पाच दिवसांची नोटीस पुरते, आम्ही मुद्दाम दोन आठवड्यांची दिली आणि खर्चाचा तक्ता सोबत जोडला. 19 जानेवारी, रविवार, सकाळी दहा. 31 जण आले. पाणी गळतीच्या सभेलाही इतके येत नाहीत.

मला वाटलं होतं आगीवरून वाद होईल. झाला तो पैशावरून, आणि तो रास्त होता. आत्ता सहा जागा हव्या होत्या, चार कारना चार आणि पाच स्कूटरना मिळून दोन. सामाईक भागाचा खर्च असा होता: महावितरणचे शुल्क आणि अनामत मिळून 38,000, पॅनेल 64,000, मुख्य केबल आणि ट्रे 46,000, दोन अर्थिंग पिट 16,000, आणीबाणीचं बटण, अग्निशामक आणि खुणांचे बोर्ड 11,000, मजुरी आणि टेस्ट रिपोर्ट 29,000. एकूण 2,04,000. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा उभे राहिले. "माझ्याकडे गाडीच नाही. मी तुमच्या गाडीच्या डिझेलचे पैसे कधी दिले नाहीत, मग विजेचे का देऊ?" टाळ्या पडल्या. त्यावर आमच्यातला एक ईव्हीवाला उठला, "मग आम्ही सहा जण पूर्ण खर्च करतो, पण नंतर येणाऱ्याला आमचं पॅनेल वापरू देणार नाही." हे तर त्याहून वाईट. भिंत सोसायटीची आणि पॅनेल सहा जणांचं?

मी तासभर ऐकून घेतलं आणि मग आधीच करून ठेवलेला कागद काढला. पॅनेल बारा पॉइंटांचं आहे, तर खर्च वापरणाऱ्या सहांनी नाही, बारांनी भागायचा. 2,04,000 भागिले 12, एका जागेचे 17,000. आत्ताच्या सहांनी मिळून 1,02,000 भरायचे. उरलेल्या सहा जागांचे 1,02,000 सोसायटीने आगाऊ घालायचे, आणि जो जो नंतर येईल त्याच्याकडून 17,000 घेऊन सोसायटीने आपले पैसे परत मिळवायचे. पॅनेल सोसायटीच्या मालकीचं. पॅनेलपासून आपल्या गाडीपर्यंतची वायर, सबमीटर आणि सॉकेट किंवा चार्जर ज्याचा त्याने करायचा. फ्लॅट विकला तर जागा फ्लॅटबरोबर जाते, पैसे परत मागायचे नाहीत. तीन वर्षं 17,000 चा आकडा बदलायचा नाही.

आजोबांचा पुढचा प्रश्न नेमका होता, "हे आगाऊ पैसे कुठून? सिंकिंग फंडातून?" नाही. सिंकिंग फंड इमारतीच्या मोठ्या कामांसाठी असतो, त्याला हात लावू नका. ऑडिटरही हेच विचारतो. आमच्याकडे मोबाइल टॉवरच्या भाड्यातून साठलेली शिल्लक होती, त्यातून घालायचं ठरलं आणि ठरावात ते वाक्य तसंच लिहिलं. मतदान: बाजूने 22, विरोधात 6, तटस्थ 3. आजोबांनी विरोधात मत दिलं आणि नंतर ठरावातल्या दोन शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करून दिल्या.

एक गोष्ट मला अजून पटलेली नाही. पॅनेलपासून माझी जागा 14 मीटरवर, मला स्वतःच्या भागाला 11,400 लागले. शेवटच्या जागेवाल्याला 41 मीटर केबल, त्याचे 19,000 च्या वर गेले. पार्किंग चिठ्ठ्या टाकून मिळालेलं आहे, यात त्याचा काय दोष? पण वायरचाही सामाईक हिशोब मांडला असता तर सभा संध्याकाळपर्यंत चालली असती.

जागा ठरवताना पहिली चूक झाली. पॅनेल मीटर रूमला लागून, जिन्याच्या दाराशेजारी बसवायचं होतं, केबल वाचते म्हणून. आमचं वर्षातून दोनदा अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं बी फॉर्म भरणारी जी एजन्सी आहे, तिच्या माणसाला मी सहज बोलावलं. तो म्हणाला, "ताई, काही पेटलं तर धूर याच दारातून वर जाणार आणि माणसं याच दारातून खाली येणार." पॅनेल आणि सहाही जागा कंपाउंडच्या भिंतीकडे, उघड्या बाजूला नेल्या. केबल नऊ मीटर वाढली. आधीच्या आकड्यांत ती धरलेली आहे.

उंचीचा मुद्दा आमच्यासाठी जास्त जवळचा होता. 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा आमच्या रस्त्यावरच्या कितीतरी पार्किंगमध्ये पाणी शिरलं, एकता नगरीचे फोटो सगळ्यांनी पाहिले असतील. आमच्याकडे एकता नगरीएवढं नव्हतं, पण भिंतीवर चिखलाची रेघ अजून आहे. टेप लावून मोजली: जमिनीपासून 74 सेंटिमीटर. ईव्हीचं सॉकेट जमिनीपासून निदान 800 मिलिमीटर वर असावं असा नियम आहे. म्हणजे नियम पाळला असता तरी रेघेपासून फक्त सहा सेंटिमीटरचं अंतर. आम्ही सॉकेट 1.2 मीटरवर घेतली आणि पॅनेलची खालची कड दीड मीटरवर. आणीबाणीचं लाल बटण मात्र पॅनेलजवळ नाही, गेटजवळ वॉचमनच्या हाताशी आहे. पाणी चढताना पार्किंगच्या आत जाऊन बटण दाबायला कोण जाणार?

मग आरसीसीबी. हा शब्द मला जानेवारीपर्यंत माहीत नव्हता. करंट गळायला लागला की जीवघेणा शॉक बसण्याआधी वीज तोडणारं ते उपकरण. कोटेशनमध्ये "आरसीसीबी 30 मिलिअँपिअर" एवढंच होतं. माल आला तेव्हा काकांनी खोका हातात घेऊन पुढचं चित्र दाखवलं: चौकोनात एकच नागमोडी रेघ. "हा एसी टाइप. घरात चालतो, इथे नको." गाडीच्या चार्जरमधून गळणाऱ्या करंटमध्ये डीसीचा अंश असू शकतो आणि त्याने हा ब्रेकर आंधळा होतो, म्हणजे खरा शॉक बसताना पडेलच याची खात्री नाही. आपल्याला हवा टाइप ए. त्याच्या चित्रात नागमोडी रेघेखाली अर्ध्या लाटांची दुसरी रेघ असते. शिवाय 6 मिलिअँपिअर डीसी गळतीचा बंदोबस्त चार्जरच्या आतच असायला हवा, तो आहे का हे चार्जरच्या माहितीपत्रकात पाहून घ्यावं. नसला तर पॅनेलमध्ये महागडा टाइप बी लावावा लागतो. आम्ही सहाही ब्रेकर परत केले. प्रत्येक पॉइंटला स्वतंत्र टाइप ए, एकाच्या गळतीने दुसऱ्याची गाडी उपाशी राहू नये म्हणून. पाच स्कूटरवाल्यांनी दोन जागा वाटून घेतल्या, पण त्यांनाही प्रत्येकी वेगळा ब्रेकर आणि वेगळा सबमीटर. एक्स्टेन्शन बोर्डला पूर्ण बंदी.

महावितरणचा अर्ज 3 मार्चला ऑनलाइन भरला. सोसायटीचं नोंदणीपत्र, ठरावाची सही-शिक्क्याची प्रत, पॅन, चालू वीजबिल, प्रॉपर्टी टॅक्सची पावती. दुसरी चूक इथे माझी. अर्जात दरवर्ग निवडताना मी सवयीने घरगुती निवडला. ते लक्षात येऊन दुरुस्त व्हायला आठवडा गेला. नियमांत महानगर क्षेत्रात नवं कनेक्शन द्यायला तीन दिवसांची मुदत आहे, पण ती पूर्ण अर्जापासून मोजतात. आमचं पॅनेल तयार नव्हतं, म्हणून परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट नव्हता, म्हणून अर्ज पूर्ण नव्हता. पॅनेलची ऑर्डर आधी द्या आणि अर्ज नंतर, हे मला कुणी सांगायला हवं होतं. पाडव्याला उद्घाटन करू असं सेक्रेटरीकाकांनी ग्रुपवर जाहीर करून टाकलं होतं. पाडवा 30 मार्चला होता आणि त्या दिवशी भिंतीला फक्त भोकं होती. मीटर 9 एप्रिलला बसला. शेवटी 30 एप्रिलला, अक्षय्य तृतीयेला, पहिली गाडी लागली. त्या रात्री दर अर्ध्या तासाने खाली जाऊन मी सॉकेटला हात लावून पाहत होते. कोमट लागलं तर ठीक, हात ठेववत नसेल तर कनेक्शन ढिलं आहे, असं काकांनी सांगितलं होतं. कोमटच होतं. महिनाभराने कंत्राटदाराला बोलावून सगळे स्क्रू परत आवळून घेतले. मुख्य केबल ॲल्युमिनियमची आहे, ती गरम-गार होऊन सैल पडते. दोन ठिकाणी खरंच पाव-पाव फेरा बसला.

विम्याच्या कंपनीला लेखी कळवलं आणि पोच घेतली. अग्निशामकाबद्दल भ्रम नको: लटकवलेला पावडरचा सिलिंडर वायरीच्या आगीला चालतो, गाडीची बॅटरीच पेटली तर तो पुरत नाही, तिला गार करायला भरपूर पाणी लागतं. म्हणून सूचना एवढीच की बटण दाबा, माणसं बाहेर काढा, 101 ला फोन करा. आणि पाण्यात बुडालेली किंवा खालून आपटलेली गाडी सर्व्हिस सेंटरने पाहिल्याशिवाय चार्जिंगला लावायची नाही, ती उघड्यावर उभी करायची. हे वाक्य बोर्डावर लाल अक्षरात आहे.

बिल असं वाटतो: बिलातला स्थिर भाग जोडलेल्या पॉइंटांवर समान, वापराचा भाग सबमीटरच्या रीडिंगप्रमाणे. युनिटचा दर ठरावात लिहिलेला नाही, कारण तो बदलतो, जुलै 2025 पासून बदललाच. मुख्य मीटर आणि सबमीटरांची बेरीज कधीच जुळत नाही. ऑगस्टमध्ये मुख्य मीटर 742, बेरीज 731. हे अकरा युनिट केबल आणि पॅनेल खातात, ते वापराच्या प्रमाणात वाटले. सप्टेंबरमध्ये फरक एकदम 46 वर गेला. आधी गळती वाटली, म्हणून काकांनी एकेक ब्रेकरचं टेस्ट बटण दाबून पाहिलं, सगळे नीट पडले. मग दिसलं की पॅनेलच्या बाजूला कंत्राटदाराने चाचणीसाठी ठेवलेलं एक सॉकेट होतं, त्याला सबमीटर नव्हता, आणि आपला बी विंगचा तोच मुलगा रोज रात्री तिथे स्कूटर लावत होता. "काकू, जवळ पडतं," म्हणाला. सॉकेट काढून टाकलं, पैसे घेतले.

नोव्हेंबरपर्यंत आणखी दोघांनी जागा घेतल्या. सोसायटीला 34,000 परत मिळाले, 68,000 येणे आहेत. आता चौथ्या मजल्यावर मोठी गाडी आली आहे आणि त्यांना 7.2 किलोवॅटचा चार्जर हवाय. तो एकटाच एका फेजचे दोन पॉइंट खातो. ते दोन जागांचे 34,000 भरायला तयार आहेत, पण मग बारा पॉइंटांचं पॅनेल अकराचंच उरतं. माझं मत देऊ नये असं आहे, इंजिनीअरकाकांचं मत पहाटे दोननंतरच्या वेळेत द्यावं असं. पुढच्या रविवारी मीटिंग आहे.